दोन गोल

निलम आज तरी उठून केस विंचरेल का, ही काळजी सुनिताच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. सरावलीहून डहाणू रोडला येताना रिक्षात तीच, दुकानाचं शटर वर करताना तीच, कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट बघतानाही तीच. पोरगी जेवत होती, झोपत होती, विचारलं तर हो-नाही म्हणत होती. पण तिच्या आतलं काहीतरी खचून बसलं होतं, आणि ते कोणी बसवलं हे सुनिताला पक्कं ठाऊक होतं.

मनिष सरांनी.

स्टेशनच्या बाहेरच्या रस्त्यावर सुनिताचं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान होतं. ती मूळची उधव्याची. तिच्या पाड्यातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. मराठी घेऊन बी.ए. झाली, लग्नानंतर टायपिंग शिकली, आणि नवरा दिपक उंबरगावच्या कंपनीत पाळ्या करायला लागला तेव्हा तिने हे दुकान घातलं. जातीचे दाखले, सातबाऱ्याच्या प्रती, लग्नपत्रिका असं सगळं ती करायची. पण दुकानाचं खरं काम म्हणजे मनिष सरांच्या क्लासचे पेपर. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, सगळ्या परीक्षांची तयारी सर करून घ्यायचे, आणि त्यांच्या हाताने लिहिलेले कागद टाइप व्हायला सुनिताकडे यायचे.

बुद्धिमत्ता चाचणीतले बैठकव्यवस्थेचे प्रश्न सुनिताला सुरुवातीला भुताटकी वाटायचे. कोण कोणाच्या डावीकडे, कोण कोणाच्या समोर, आणि शेवटी विचारायचं काय तर भलत्याच माणसाबद्दल. मग एकदा टाइप करता करता तिने वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर एक ओळ आखली. उत्तरेकडे तोंड केलेली माणसं म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूला बघणारी. त्यांचा उजवा हात तो आपलाच उजवा हात. एकेक अट वाचायची, पक्का बसणारा माणूस आधी बसवायचा, आणि जो पक्का बसत नाही त्याला हातात धरून ठेवायचं. ओळ आपोआप भरत गेली. तिला इतका आनंद झाला की तिने चहावाल्याला दोनदा हाक मारली.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्न सोडवून बघितल्याशिवाय ती टाइप करत नसे. आणि सोडवताना तिला चुका सापडायच्या. सरांनी एखाद्याला ओळीच्या उजव्या टोकाला बसवलेलं असायचं आणि त्याच्याही उजवीकडे कोणीतरी टेकवलेलं असायचं. कुठे गोलात सात माणसं आणि अटीत सगळे समोरासमोर. सर घाईचा माणूस, जुन्या प्रश्नांतली नावं बदलून नवा प्रश्न करायचे, त्यात एखादी अट निसटायची. सुनिता ती गुपचूप दुरुस्त करायची. कोणाला सांगायची नाही. शिकलेल्या बाईने काम नीट करावं, एवढाच त्यात हिशेब. आणि मनिष सर जिथे माईक मिळेल तिथे सांगत फिरायचे, "माझ्या पेपरात आजवर एक चूक दाखवा, क्लास बंद करतो."

निलम त्याच क्लासात पोलीस भरतीची तयारी करत होती. सुनिताने घरात पेपरचा कागदही कधी नेला नव्हता. दुकानात येतानासुद्धा निलम दारातून विचारायची, "आई, स्क्रीनवर सरांचं काही आहे का? मग मी बाहेरच थांबते."

आणि त्या मुलीवर मनिष सरांनी पेपर फोडल्याचा आळ घेतला होता.

पावसाळ्याआधीच्या एका चाचणीत गोलाचा एक प्रश्न होता. माणसं गोल बसलेली, पण तोंडं बाहेर. तिथवर पोचलेल्या बाकी सगळ्यांनी घाईत तोंडं आत धरली. आत बघणाऱ्याचा उजवा हात एकीकडे, बाहेर बघणाऱ्याचा नेमका उलटीकडे. एवढंच विसरलं की सगळी उत्तरं आरशातल्यासारखी उलटी येतात. सगळ्यांची तशीच आली. बरोबर आली एकट्या निलमची.

सरांनी तिला उभी केली. "एवढ्या पोरांत हिचं एकटीचं बरोबर. कमाल आहे! अरे, कमाल कसली, आई टाइप करते आणि लेक पाठ करते. घरचाच कारखाना."

वर्ग हसला. निलम म्हणाली, "सर, दुसरा कुठलाही द्या. आत्ता फळ्यावर सोडवते."

"बस खाली. पेपर फोडणाऱ्याला पोलिसात घेत नाहीत बाई, पोलीस आत घेतात."

वर्ग पुन्हा हसला. तिचं नाव गुणवत्ता यादीतून काढलं, बॅचमधून काढलं, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अख्ख्या डहाणू रोडभर झाली. बोंबील घ्यायला गेलेल्या सुनिताला बाजारात कोळीणसुद्धा म्हणाली, "काय गं ताई, पोरीला आधीच पेपर देतेस म्हणे? आमच्या पोरालापण दे की एखादा."

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला होता, आवाजात साय. "ताई, कामाचा आणि त्याचा काही संबंध नाही हं. शिस्त ती शिस्त. उद्याचे कागद पाठवतोय."

सुनिता म्हणाली होती, "पाठवा."

दिपक चिडला. "त्याचं काम कशाला करतेस अजून? तोंडावर फेक त्याच्या!"

"फेकून काय होणार? दुसरीकडे जाईल. करू दे मला."  तिला त्याचे कागद आपल्या हातातून जायलाच हवे होते. मांजर बिळाशी बसतं तशी ती बसून होती. घरात निलम भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसली की ती चपला घालून तडक दुकानात यायची, प्रत्येक प्रश्न आखायची, सोडवायची, आणि वाट बघायची.

तो कागद आला शुक्रवारी.

रविवारी क्लासची खुली चाचणी होती. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यापाड्यांतून मुलं येणार होती. पहिल्या येणाऱ्याला पालघरच्या निवासी बॅचमध्ये राहण्याजेवणासकट फुकट जागा. हॉल घेतलेला, पालकांना बोलावलेलं, पाहुणे येणार होते. आणि सरांचा नेहमीचा रिवाज असा की पेपर संपला की ते स्वतः फळ्यावर शेवटचा प्रश्न सोडवून दाखवायचे. गोल काढायचे, एकेक माणूस बसवायचे, लोक टाळ्या वाजवायचे.

क्लासची वरची कामं करणारा भाविक कागद देऊन गेला. म्हणाला, "काकी, सरांनी सांगितलंय, शेवटचा प्रश्न जरा ठसठशीत अक्षरात घ्या. त्यावरच शो आहे."

शेवटचा प्रश्न असा होता. भीमा, जानी, काकड्या, सोनी, लडक्या आणि काळी हे सहा जण गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड करून सारख्या अंतरावर बसले आहेत. जानी भीमाच्या बरोबर समोर आहे. काकड्या भीमाच्या लगेच उजवीकडे आहे. सोनी काकड्याच्या बरोबर समोर आहे. लडक्या सोनीच्या समोर बसलेला नाही. तर भीमाच्या लगेच डावीकडे कोण?

खाली चार पर्याय होते: काळी, लडक्या, जानी, सोनी. आणि उत्तराच्या जागी सरांच्या अक्षरात, लडक्या.

सुनिताने वाया गेलेला कागद उलटा केला आणि गोल काढला. सहा खुणा केल्या: एक खाली, एक वर, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. गोलात पहिला माणूस कुठेही बसवला तरी चालतो, म्हणून भीमाला तिने खाली बसवला. तो आत बघतोय म्हणजे कागदावर वर बघतोय. त्याचा उजवा हात तोच आपला उजवा. जानी समोर, म्हणजे सगळ्यात वर. काकड्या भीमाच्या उजवीकडे, म्हणजे उजव्या बाजूच्या खालच्या खुणेवर. सोनी त्याच्या समोर, म्हणजे डावीकडे वरच्या खुणेवर. आता दोनच जागा राहिल्या. एक उजवीकडे वर, जानी आणि काकड्याच्या मधली. दुसरी डावीकडे खाली, भीमा आणि सोनीच्या मधली. लडक्या एका जागी, काळी दुसऱ्या.

शेवटची अट तिने पुन्हा वाचली. लडक्या सोनीच्या समोर नाही.

अर्थातच नाही. सोनीच्या समोर काकड्या आधीच बसलाय. ही अट काहीच सांगत नव्हती. लडक्या खाली डावीकडे बसला तरी चालत होता, वर उजवीकडे बसला तरी चालत होता. तिने शेजारी दुसरा गोल काढला आणि दोघांची अदलाबदल केली. सगळ्या अटी दोन्हीकडे बसत होत्या. भीमाच्या डावीकडे एका गोलात लडक्या, दुसऱ्यात काळी. आणि पर्यायांत दोघंही होते.

सरांना लिहायचं होतं, लडक्या जानीच्या शेजारी नाही. मग वरची जागा बाद झाली असती, कारण ती जानीला चिकटून आहे, आणि लडक्या मुकाट खाली येऊन बसला असता. घाईत समोर आणि शेजारी, सोनी आणि जानी, सगळ्याचा घोळ झाला होता.

सुनिता त्या दोन गोलांकडे बघत राहिली. दुकानात कोणीतरी आधार कार्डाची प्रत मागत होतं, तिला ऐकू आलं नाही. तिला हॉल दिसत होता. फळा दिसत होता. मनिष सर खडू घेऊन गोल काढतायत, भीमा, जानी, काकड्या, सोनी, आणि मग शेवटच्या अटीपाशी खडू थांबतो. पाहुणे बघतायत. मागून एखादा पालक विचारतो, सर, काळी का नाही? सर घाम पुसतात. मग पुन्हा कोणीतरी विचारतं.

ते काय म्हणतील हेही तिला माहीत होतं. टायपिंग मिस्टेक. दर वेळी तेच म्हणायचे, कधी चुकून एखादा अंक निसटला तर. म्हणून तिने एक अक्षर बदललं नाही. वेलांटी, स्वल्पविराम, जसं होतं तसं टाइप केलं. सरांच्या हातचा मूळ कागद सरळ करून स्वतःच्या पिशवीत ठेवला. हॉलमध्ये ती जाणार होती. पालकांसाठी खुर्च्या होत्याच. सर टायपिंग मिस्टेक म्हणाले की ती उठणार होती, आणि तो कागद पाहुण्यांच्या हातात देणार होती. आई टाइप करते, असंच म्हणाला होतास ना? बघ, आई काय टाइप करते.

त्या संध्याकाळी घरी तिने किती दिवसांनी मनापासून स्वयंपाक केला. निलमला म्हणाली, "रविवारी चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"हॉलवर. तुझ्या सरांचा कार्यक्रम बघायला."

निलमने ताटातला भात नुसता सारखा केला. "मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही."

"बघायचंय. मी सांगते ना, बघायचंय. बघशील तर पोटभर जेवशील."

निलमने एकदाच वर पाहिलं, आणि सुनिताला वाटलं सांगून टाकावं. पण नाही. तिथेच बघू दे, सगळ्यांबरोबर, म्हणजे जास्त गोड लागेल.

शनिवारी सकाळी मास्टर प्रत तयार होती. दुपारनंतर प्रती काढायच्या आणि संध्याकाळी भाविक गठ्ठे न्यायला येणार, असं ठरलं होतं. अकराच्या सुमाराला गंगी आली. उधव्याची, सुनिताच्या माहेरच्या पाड्याला लागून असलेल्या पाड्यातली. बाप वीटभट्टीवर, आई मिळेल त्या कामावर. निलमच्याच बॅचला होती. चाचणीच्या प्रवेशपत्राची प्रत काढायची होती तिला.

"काकी, निलमताई फोन उचलत नाही."

"कशी उचलेल? तुम्ही सगळे हसलात ना तेव्हा."

गंगी खाली बघत म्हणाली, "मी नाही हसले. पण बोलले पण नाही."

"तेही तेवढंच." सुनिताने प्रवेशपत्र मशीनवर आपटलं. "तुला कोणी सांगितलं होतं बोलू नको म्हणून? सोडवता येत होतं ना तुला पण?"

"येत होतं. पण मला वेळ लागतो. पोचलेच नव्हते त्या प्रश्नापर्यंत." मग जरा धीर करून तिने पिशवीतून एक जुना सराव कागद काढला. "ताई असती तर तिला विचारलं असतं. हे बघा ना काकी, बरोबर आहे का. तुम्हाला येतं, ताई म्हणायची."

बघायचं नाही असं ठरवूनही सुनिताने बघितलं. ओळीचा प्रश्न होता. पाच जण उत्तरेकडे तोंड करून. जानी एका टोकाला. जानीच्या लगेच उजवीकडे सोनी. गंगीने एकाखाली एक दोन ओळी आखल्या होत्या. एकीत जानी डाव्या टोकाला, दुसरीत उजव्या टोकाला. दुसरीवर काट मारलेली.

"ही का खोडलीस?"

"उजव्या टोकाला बसली तर तिच्या उजवीकडे सोनीला जागाच नाही. मग ती ओळ खोटी." गंगी पाठ केलेलं सांगावं तसं सांगत होती. "ताईने शिकवलंय. दोन तऱ्हा होत असतील तर दोन्ही काढायच्या. आणि एक खोटी पडत नाही तोवर उत्तराला हात लावायचा नाही. बाकीची पोरं पहिली बसली की लिहून मोकळी होतात. मी नाही तसं करत. त्यामुळे वेळ जातो, पण चुकत नाही."

"आणि एकही खोटी पडली नाही तर?"

"असं कसं होईल?" गंगी हसली. "मग माझंच काहीतरी चुकलं असणार. पहिल्यापासून परत काढायचं."

मशीनमधून प्रत बाहेर येऊन खाली पडली. सुनिताने ती उचलली नाही.

मनातल्या हॉलमध्ये तिने फक्त सरांना बघितलं होतं. फळा, खडू, घाम. बाकावर बसलेलं कोणी तिला दिसलंच नव्हतं. आता दिसलं. भराभर लिहिणारी पोरं एक गोल काढतील, लडक्या किंवा काळी, जे हाताला लागेल त्यावर खूण करतील आणि पुढे जातील. अर्ध्यांचं बरोबरही येईल. आणि ही मुलगी दोन गोल काढेल. एकही खोटा पडणार नाही. मग माझंच चुकलं म्हणून खोडेल, परत काढेल, परत खोडेल. पेपर शिकवल्याप्रमाणे नीट सोडवणारीच त्यात बुडेल. आणि तिला बुडवणारी शिकवण निलमची, कागद सुनिताचा.

तिला सरांचा अधिकच संताप आला. त्याने केलेल्या चुकीवर आपण इतके दिवस वाट बघत बसलो, आणि ती चूकही अशी निघाली की त्याच्यावर उगारायची तर मध्ये गंगीसारखी आपलीच पोर उभी. आणि नीट करायची तर काय? पुन्हा गुपचूप? पुन्हा रविवारी तो फळ्यापाशी उभा राहणार, एक चूक दाखवा म्हणणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि निलम भिंतीकडे तोंड करून पडलेली राहणार? त्याचं हे मोठेपण आपणच तर टाइप करून दिलं. दर वेळी एक निसटलेली अट गुपचूप भरून.

"काकी, किती झाले?" गंगीने विचारलं.

"काही नाही झाले. बस तिथे." सुनिताने स्टूल पुढे सरकवलं. "जेवलीस?"

"नाही अजून."

"मग बसच. मला जरा कामाचं बोलायचंय."

दुकानात तेव्हा तीनचार माणसं होती. दाखल्याच्या प्रती काढायला आलेले एक म्हातारबाबा, लग्नपत्रिकेचा नमुना बघणारे एक नवराबायको, आणि फोटो कापून घ्यायला आलेली एक मुलगी. शनिवार म्हणजे असंच असायचं. दुपारपर्यंत गर्दी वाढणार होती. बरं होतं.

अट तर ती बदलणार होतीच. लडक्या जानीच्या शेजारी नाही. चार शब्दांचं काम. गंगीचा पेपर चुकीचा जाणार नव्हता, कोणाचाच जाणार नव्हता. पण हे मनिष सरांना कळायची काही गरज नव्हती. त्यांना एवढंच कळायला हवं होतं की रविवारचा त्यांचा प्रश्न दोन ठिकाणी बसतो, मूळ कागद त्यांच्या हातचा आहे, तो कोणाच्या पिशवीत आहे, आणि त्यांच्या संमतीशिवाय ती यापुढे एक वेलांटीही सरळ करणार नाही. गोल कुठे अडला ते समजून घ्यायला त्यांना इथे यावं लागेल, या दुकानात, या लोकांसमोर, स्वतःच्या पायाने. आणि समजावून सांगायला सुनिता नसेल. ती सांगेल, मला टायपिंग येतं सर, बैठकव्यवस्था माझ्या मुलीला येते. ती सरावलीला घरी आहे. तुमची चूक दुरुस्त करून हवी तर घरी जा, तिची माफी मागा, आणि मग तिलाच विचारा.

माफी मागायला जमेल का त्या माणसाला? बहुतेक आधी ओरडेल. मग गोड बोलेल. मग काम काढून घ्यायची धमकी देईल. घेऊ दे. तिने निलमचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. दारात मनिष सर उभे, आणि केस न विंचरलेली निलम उठून बसतेय, नुसती बघतेय. एवढं जरी झालं तरी पुरे होतं. तिने माफ करावं की दार लावून घ्यावं, हे तिचं ती ठरवेल.

पिशवीतला कागद तिने काउंटरच्या आतल्या बाजूला, गंगीला दिसणार नाही असा पसरला, त्याच्याशेजारी आपले दोन गोल ठेवले. फोन हातात घेतला आणि स्पीकरचं बटण कुठे आहे ते आधी बघून ठेवलं, म्हणजे ऐन वेळी शोधायला नको.

"कोणाला लावताय काकी?" गंगी म्हणाली.

"तुझ्या सरांना," सुनिता म्हणाली, आणि यादीत त्यांचं नाव शोधायला लागली.